केंद्राच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र परत आलं: आगाऊ रक्कम, व्याज आणि सह्या

कर्लीकाठ (कुडाळ तालुका)

नमस्कार मंडळी. आमची लहानशी नोंदणीकृत संस्था आहे, मी तिचा खजिनदार. दशावतार शिकू पाहणाऱ्या मुलांच्या शिबिरासाठी आम्हाला केंद्राच्या एका मंत्रालयाकडून ४ लाख मंजूर झाले. मंजुरीपत्र १३ जानेवारी २०२५ चं. पहिला हप्ता ३ लाख, तो ३ फेब्रुवारीला खात्यात जमा झाला. उरलेले १ लाख उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर.

मोसमात नाटक मंडळीतले जाणते कलाकार रोज रात्री कुठल्या ना कुठल्या जत्रेत असतात. म्हणून शिबिराचे दोन भाग केले. पहिला मार्चमध्ये जमेल तसा, आणि दुसरा मे अखेरीस, मंडळ्या मोकळ्या झाल्यावर, पाऊस लागायच्या आत.

एप्रिलमध्ये मी एका ओळखीच्या संस्थेकडून नमुना घेऊन प्रमाणपत्र पाठवलं: "३,००,००० पैकी १,९६,५०० खर्च, १,०३,५०० शिल्लक." मार्चअखेरपर्यंत खात्यातून गेलेले पैसे असे:

कलाकारांचं मानधन ८४,०००
जेवण व निवास ४६,५००
रंगमंच, ध्वनी, दिवे २१,०००
वेशभूषेसाठी कारागिराला आगाऊ २५,०००
पायपेटी खरेदी २०,०००

आता प्रमाणपत्र परत आलंय. पत्रात चार मुद्दे आहेत. नमुना जुना आहे. शिल्लक बँकेशी जुळत नाही. व्याज दाखवलेलं नाही. आणि सही करणाऱ्याचा अधिकार स्पष्ट नाही. सही आमच्या कार्यवाहांनी केली होती, कारण अध्यक्ष डोंबिवलीला असतात. एक पैसाही इकडचा तिकडे झालेला नाही, प्रत्येक पावती फाईलला आहे. मग चुकलं कुठे ते समजून घ्यायचंय.

आबा_देवगड

घाबरू नका. आमच्या ट्रस्टनं बारा वर्षांत अशी पाच-सहा प्रमाणपत्रं दिली. एकच वाक्य लागतं, मी देतो: "प्रमाणित करण्यात येते की, पत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये मंजूर झालेल्या रु. इतक्या अनुदानापैकी रु. इतकी रक्कम ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाली त्याच प्रयोजनासाठी खर्च करण्यात आली असून, वर्षअखेर अखर्चित राहिलेली रु. इतकी रक्कम शासनास परत करण्यात आली आहे / पुढील वर्षीच्या अनुदानात समायोजित करण्यात येईल." खाली सीएची सही नि शिक्का. सीएची सही असली की बाकी कोणाची नसली तरी चालते. आणि व्याजाचं कशाला विचारतात? खातं संस्थेच्या नावावर, व्याज संस्थेचं.

दाभोळखाडी

पूर्णत्वाचा दाखला जोडलात का? आमच्या वाडीच्या सभागृहाचं असंच अडकलं होतं. शाखा अभियंत्यांनी मोजमाप पुस्तिकेत नोंद केल्याशिवाय पुढे काहीच हललं नाही. आधी अभियंत्याला गाठा.

कर्लीकाठ

दाभोळखाडी, आमचं बांधकाम नाही हो, शिबिर आहे. मोजमाप कशाचं घेणार?

दाभोळखाडी

बरोबर, मी 'रंगमंच' वाचलं आणि बांधलेला रंगमंच समजलो. माफ करा. तुमच्याकडे त्या जागी शिबिराचा अहवाल नि हजेरीपट लागेल बहुतेक.

निवृत्त_लेखा (रत्नागिरी)

कर्लीकाठ, तुमची हकिगत दोनदा वाचली. पैसे नीट खर्च झालेत, पण कागद ते सांगत नाही. आज नमुना आणि खर्च यांवर लिहितो, सह्यांवर नंतर.

आबांनी दिलेलं वाक्य चुकीचं नाही. केंद्राच्या २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या १९-ए नमुन्यातलं ते वाक्य आहे. राज्याच्या, जिल्हा परिषदेच्या अनुदानांना आजही अनेकदा त्याच धाटणीचा मजकूर चालतो. पण केंद्राचे नियम २०१७ मध्ये बदलले. आता संस्थांसाठी १२-ए हा नमुना आहे, आणि त्यात एका वाक्यावर भागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला हातात काय होतं, त्यावर व्याज किती मिळालं, त्यातलं किती सरकारला परत केलं, वर्षात किती आलं, किती खर्च झालं, शेवटी काय उरलं, आणि ते उरलेलं कुठे आहे, असा ताळा त्यात मागितलेला आहे. 'कुठे आहे' याला दोन घरं आहेत: रोख किंवा बँकेत, आणि समायोजित न झालेल्या आगाऊ रकमा.

तुमच्या अडचणीचं मूळ या शेवटच्या घरात आहे. कारागिराला दिलेले २५,००० हा ३१ मार्चला खर्च नव्हता. पोशाख आले नव्हते, बिल नव्हतं. ते पैसे तुमच्या खात्यातून निघून कारागिराच्या हातात गेले एवढंच. म्हणजे ते शिल्लकच आहेत, फक्त बँकेत नाहीत.

दुसरं, पायपेटी. मंजुरीपत्र काढून बघा, अनुदान कोणत्या शीर्षाखाली आहे. 'सर्वसाधारण' असेल तर वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू त्यातून घेता येत नाही. त्यासाठी भांडवली मालमत्ता निर्मितीचं शीर्ष वेगळं असतं, आणि १२-ए मध्ये सर्वसाधारण, वेतन आणि भांडवली असे तीन आकडे वेगवेगळे भरावे लागतात.

पासबुकात ३१ मार्चची शिल्लक किती आहे? आणि आज किती आहे? दोन्ही आकडे द्या.

कर्लीकाठ

मंजुरीपत्रात 'सहायक अनुदान – सर्वसाधारण' एवढंच आहे. आम्ही दिलेल्या अंदाजपत्रकात मानधन, जेवण-निवास, रंगमंच आणि वेशभूषा अशी चारच कलमं होती. पायपेटी नव्हती. आमची जुनी पेटी फुटली, मुलांना सुराला काहीतरी हवं होतं, म्हणून घेतली.

३१ मार्चची शिल्लक १,०४,४४०. आजची १,२५०.

मेमध्ये झालेला खर्च: मानधन ६२,०००, जेवण-निवास ३४,५००, रंगमंच व ध्वनी १२,०००, वेशभूषेचं पूर्ण बिल ४०,००० (त्यातले २५,००० आधी दिलेले). मात्र शेवटी खात्यात पैसे पुरेनात. ध्वनीवाल्याचे १२,००० आणि खानावळीचे ८,००० आम्ही संस्थेच्या सर्वसाधारण खात्यातून दिले. ते अजून कुठे धरलेलेच नाहीत.

सुरंगी (सावंतवाडी, सीए कार्यालयात काम करते)

म्हणजे मार्चची १,०४,४४० आणि तुम्ही लिहिलेली १,०३,५०० यांत ९४० चा फरक आहे. तो ३१ मार्चला जमा झालेल्या व्याजाचा. तपासणाऱ्यानं पासबुकाची झेरॉक्स आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवलं की पहिल्या मिनिटात तेच दिसतं.

आबांसाठी: खातं संस्थेचं असलं तरी व्याज संस्थेचं होत नाही. नियम २३० मध्ये स्पष्ट आहे की अनुदानावर मिळालेलं व्याज हिशेब अंतिम झाल्यावर भारताच्या संचित निधीत भरायचं. आमच्याकडे येणाऱ्या संस्थांपैकी निम्म्या तरी ही रक्कम चहापाण्यात घालून मोकळ्या झालेल्या असतात, आणि मग ती स्वतःच्या खिशातून भरतात.

आबा_देवगड

आमका तर कोणी कधी विचारलांच नाय व्याजाचा. राज्याची अनुदानां होती, म्हणान असात. हां माका नवीन असा.

बाई_राजापूर

शाळेच्या अनुभवावरून सांगते. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात अनुदान यायचं. त्याच्या प्रमाणपत्रावर मी मुख्याध्यापक म्हणून आणि समितीचे अध्यक्ष अशा दोघांच्या सह्या, मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. एका वर्षी खात्यातलं सगळं व्याज परत मागवलं. तोवर आम्ही त्यातून खडू-डस्टर आणले होते. रक्कम फार नव्हती, पण समितीपुढे ठराव मांडून वर्गणी काढावी लागली. तेव्हापासून रोकडवहीत व्याजाची नोंद मी लाल शाईनं करायचे.

माझा प्रश्न वेगळा आहे. खर्च दोन आर्थिक वर्षांत पडलाय. मग प्रमाणपत्र एक की दोन?

निवृत्त_लेखा

बाईंनी नेमका प्रश्न विचारला. दोन. प्रमाणपत्र आर्थिक वर्षाचं असतं, शिबिराचं नसतं. कर्लीकाठ, तुमचे आकडे मी कागदावर मांडले.

पहिलं, सन २०२४-२५ चं. आरंभीची शिल्लक शून्य. वर्षात आलेलं अनुदान ३,००,०००. व्याज ९४०. सरकारला परत केलेलं व्याज शून्य, कारण तोवर भरलेलं नव्हतं. एकूण उपलब्ध ३,००,९४०. आता खर्च: मानधन ८४,०००, जेवण-निवास ४६,५००, रंगमंच २१,०००, मिळून १,५१,५००. पायपेटी नाही, आगाऊ रक्कम नाही. अखेरची शिल्लक १,४९,४४०.

ही शिल्लक कुठे आहे? बँकेत १,०४,४४०. कारागिराकडे आगाऊ २५,०००. झाले १,२९,४४०. वीस हजार कमी पडतात, ती तुमची पायपेटी. पेटी संस्थेची झाली आणि पैसे अनुदानाचे गेले, म्हणजे ३१ मार्चला संस्था अनुदान खात्याला २०,००० देणं लागत होती. ते तसंच लिहायचं.

दुसरं, सन २०२५-२६ चं, १ एप्रिलपासून. आरंभीची शिल्लक तीच १,४९,४४०. तुमच्या आजच्या १,२५० वरून मला दिसतं की जूनअखेर आणखी ३१० व्याज आलं असावं. ते बरोबर असेल तर दोन्ही मिळून १,२५० व्याज सरकारला भरायचं. म्हणजे उपलब्ध रक्कम १,४९,४४० अधिक ३१० वजा १,२५०, बरोबर १,४८,५००. आणि तुमचा मेचा खर्च ६२,००० अधिक ३४,५०० अधिक १२,००० अधिक ४०,००० म्हणजे १,४८,५००. शिल्लक शून्य.

दोन्ही वर्षांचा खर्च १,५१,५०० आणि १,४८,५००, मिळून ३,००,०००. पैन् पै जुळली. तुमचं म्हणणं खरं होतं, इकडचं तिकडे काही झालेलं नाही.

कर्लीकाठ

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरंच. एप्रिलपासून मी हे आकडे तीनदा मांडले आणि दर वेळी वीस हजारांवर अडलो. व्याज ३१० च आहे, ३० जूनला जमा झालंय.

पण एक कळलं नाही. संस्थेनं २०,००० देणं होतं, आणि मेमध्ये संस्थेनं स्वतःच्या खात्यातून २०,००० भरले. मग देणं फिटलं का?

सुरंगी

अर्थानं फिटलं. आमच्या कार्यालयात आम्ही जमाखर्चाची एक नोंद घालू: संस्थेनं अनुदानाच्या वतीनं केलेला खर्च २०,०००, आणि त्यातून पायपेटीचं देणं वळतं. खर्चपत्रकाच्या तळाशी टीप द्यायची. बँकेत पुन्हा पैसे फिरवायची गरज नाही.

निवृत्त_लेखा

सुरंगी, लेखाशास्त्राच्या दृष्टीनं तुमचं बरोबर आहे. पण तपासणीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलो, म्हणून मी वेगळं सांगेन. संस्थेच्या खात्यातून अनुदान खात्यात २०,००० चं हस्तांतरण करा, आणि दुसऱ्या दिवशी ध्वनीवाल्याच्या १२,००० व खानावळीच्या ८,००० च्या बिलांची प्रतिपूर्ती म्हणून ते अनुदान खात्यातून संस्थेच्या खात्यात परत घ्या. पासबुकात दोन ओळी दिसतात. टीप वाचायला कोणी थांबत नाही, पासबुक सगळे वाचतात. प्रमाणपत्राचा कालावधी मग त्या तारखेपर्यंत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत घ्या.

सुरंगी

यात मला एक भीती वाटते. एका दिवसात आत-बाहेर झालेली समान रक्कम बघून कोणी म्हणेल की कागद रंगवायला पैसे फिरवले. टीप प्रामाणिक असते, फिरवाफिरव संशय निर्माण करते.

निवृत्त_लेखा

तशी शंका घेणारेही भेटलेत मला, नाकारत नाही. म्हणून कार्यकारिणीचा ठराव आधी करा, त्यात कारण लिहा, आणि हस्तांतरणाच्या तपशिलात ठराव क्रमांक टाका. तरी अंतिम शब्द तुमच्या सीएंचा, कारण खर्चपत्रकावर सही त्यांची असणार.

आबा_देवगड

एक विचारतो. वेशभूषेचे ४०,००० पण टिकणारी वस्तू नाही का? राजाचो मुगुट धा वर्सां चलता. पेटीक नाय नि मुगुटाक होय, ह्यो काय न्याय?

निवृत्त_लेखा

आबा, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मंजूर अंदाजपत्रकात वेशभूषा हे कलम होतं, पायपेटी नव्हती. मंत्रालयानं ते कलम पाहून सर्वसाधारण शीर्षाखाली मंजुरी दिली, म्हणून तो खर्च त्याच कलमात बसतो. पण पोशाख टिकाऊ आहेत हे खरं, म्हणून मालमत्ता नोंदवहीत त्यांची नोंद मी तरी करेनच. १२-ए मध्ये ही नोंदवही ठेवलेली आहे असं तुम्ही प्रमाणित करता. एखादा तपासनीस पोशाखांवरही बोट ठेवेल का? ठेवू शकतो. तेव्हा मंजूर अंदाजपत्रकाची प्रत दाखवायची.

आणि यावरून खर्चपत्रकाबद्दल. कर्लीकाठ, तुम्ही बिलं ज्या क्रमानं दिली त्या क्रमानं यादी जोडलीत ना? ती नको. मंजूर अंदाजपत्रकातली चार कलमं त्याच नावांनी, त्याच क्रमानं डावीकडे. शेजारी मंजूर रक्कम, मग २०२४-२५ चा खर्च, २०२५-२६ चा खर्च, एकूण. मानधन १,४६,०००, जेवण-निवास ८१,०००, रंगमंच ३३,०००, वेशभूषा ४०,०००. चार ओळींत तीन लाख. वाचणाऱ्याला मंजुरीपत्र हातात धरून ओळीला ओळ लावता आली पाहिजे. मी तपासायचो तेव्हा पहिलं बोट तिथेच फिरायचं. कलमाचं नाव बदललेलं दिसलं, 'मानधन' चं 'प्रवास व इतर' झालेलं दिसलं, की मी सगळ्या पावत्या मागवायचो.

कर्लीकाठ

मी खरंच तारखेच्या क्रमानं यादी लावली होती, सत्तेचाळीस ओळींची.

निवृत्त_लेखा

ती फेकू नका. तीच तुमची प्रमाणक यादी, खर्चपत्रकामागे तुमच्या फाईलला राहू दे. मागितली तर द्यायची.

आता मजकूर. आबांचं वाक्य सुरुवातीला वापरता येईल, पण १२-ए मध्ये आकड्यांच्या खाली प्रमाणनाचा भाग आहे, त्यातली वाक्यं गाळू नका, स्वतःच्या शब्दांतही लिहू नका. छापील नमुना घ्या. त्याचा मराठी आशय असा: ज्या अटींवर अनुदान मंजूर झाले त्या अटी पूर्ण झाल्या आहेत किंवा होत आहेत याची मी खात्री करून घेतली आहे, आणि रक्कम ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाली त्यासाठीच प्रत्यक्ष वापरली गेली हे पाहण्यासाठी मी पुढील तपासण्या केल्या आहेत. मग तपासण्या येतात. मुख्य हिशेब व मालमत्ता नोंदवही ठेवलेली आहे, लेखापरीक्षण झाले आहे, वरील आकडे लेखापरीक्षित आकड्यांशी जुळतात, लाभ योग्य लाभार्थ्यांना मिळाला, खर्च मंजूर प्रमाणात झाला. लागू नसलेले शब्द खोडायचे असतात. 'झाल्या आहेत / होत आहेत' यातलं एक ठेवा. दोन्ही तसेच ठेवले की वाचणाऱ्याला कळत नाही तुमचं काम संपलं की चालू आहे.

'लेखापरीक्षित आकड्यांशी जुळतात' या शब्दांकडे नीट लक्ष द्या. तुमचं २०२४-२५ चं लेखापरीक्षण झालं का?

कर्लीकाठ

चालू आहे. सीए म्हणतात ऑगस्टमध्ये होईल.

सुरंगी

हे तुमचं नशीब समजा. ताळेबंदात पायपेटीचं देणं आणि आगाऊ रक्कम अजून बरोबर दाखवता येईल. लेखापरीक्षणात १,९६,५०० खर्च म्हणून जाऊन बसले असते तर आता प्रमाणपत्र एक बोललं असतं आणि ताळेबंद दुसरं. आजच सीएंना फोन करा. खर्चपत्रकावर त्यांचा सदस्य क्रमांक आणि यूडीआयएन घ्यायला विसरू नका. १८ अंकी क्रमांक असतो. udin.icai.org वर कोणालाही तो खरा की खोटा तपासता येतो, आणि हल्ली तपासतात.

व्याज bharatkosh.gov.in वर भरता येतं. मंत्रालय निवडताना तुमच्या मंजुरीपत्रावरचं नेमकं मंत्रालय निवडा. कोणत्या प्रयोजनाखाली भरायचं ते पत्र पाठवणाऱ्या कक्षालाच मेल करून विचारा. चुकीच्या ठिकाणी गेलेले १,२५० शोधून काढणं भरण्यापेक्षा कठीण आहे. पावती प्रमाणपत्राला जोडायची.

डोंबिवलीचो

सह्यांचा मुद्दा राहिलाच. आमच्याही गावच्या मंडळाचे अध्यक्ष मुंबैक असतत. गणपतीक येतले तेव्हा सही. तोवर स्कॅन केलेली सही चिकटवली तर?

निवृत्त_लेखा

चिकटवलेली सही नको, कधीच नको. ते प्रमाणपत्र आहे, म्हणजे सही करणारा स्वतः खात्री केल्याचं सांगतो. ज्यानं कागद पाहिला नाही त्याची सही लावणं म्हणजे खोटं प्रमाणित करणं. टपालानं पाठवा, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.

१२-ए वर दोन सह्या लागतात. एक वित्त विभागाच्या प्रमुखाची, म्हणजे लहान संस्थेत खजिनदाराची. दुसरी संस्थेच्या प्रमुखाची. सीएची सही त्यांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला असते: लेखापरीक्षित खर्चपत्रकावर, आणि मंजुरीपत्रात मागितलं असेल तर प्रमाणपत्रावरही. आबा, सीए सांगतो की आकडे वह्यांशी जुळतात. अटी पाळल्या हे संस्थेनंच सांगायचं असतं.

कर्लीकाठ, तुमच्या प्रमाणपत्रावर एकटे कार्यवाह होते. खजिनदार म्हणून तुमची सहीच नव्हती. 'अधिकार स्पष्ट नाही' याचा अर्थ मला तोच वाटतो.

आबा_देवगड

पण कार्यवाह विश्वस्तच ना? कोणताही विश्वस्त सही करू शकतो.

सुरंगी

सरसकट नाही. संस्थेच्या घटनेत प्रमुख कोण म्हटलंय ते बघायचं. काही घटनांत अध्यक्ष मानाचे आणि कारभार कार्यवाहांकडे असतो. तसं असेल तर कार्यकारिणीनं कार्यवाहांना प्राधिकृत केल्याचा ठराव आणि घटनेतल्या त्या कलमाची प्रत जोडली की कार्यवाहांची सही चालून जाते. तसं नसेल तर अध्यक्षच.

आणि अजून एक जागा, जिथे कोकणातल्या बऱ्याच संस्था सापडतात. सही करणाऱ्याचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर आहे का? निवडणूक होते, नवे अध्यक्ष येतात, पण फेरफार अर्ज कोणी दाखल करत नाही. कलम २२ नुसार तो ९० दिवसांत द्यायचा असतो. मग परिशिष्टावर जुने अध्यक्ष आणि प्रमाणपत्रावर नवे.

कर्लीकाठ

इथे मी गप्प झालो. आमची निवड गेल्या ऑक्टोबरात झाली. फेरफार अर्ज दिलाय, पण उशिरा, आणि अजून मंजूर व्हायचा आहे. अध्यक्ष नवे आहेत, मी पण नवा.

सुरंगी

अर्ज दाखल केल्याची पोच आणि निवडीच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत जोडा. बहुतेक ठिकाणी ते स्वीकारतात असा माझा अनुभव. सगळीकडे स्वीकारतील याची हमी मी देणार नाही.

बाई_राजापूर

मागचे खजिनदार हयात नि गावातच असतील तर पहिल्या हप्त्याच्या वेळी पदावर कोण होतं तेही बघा. आमच्याकडे बदली झालेल्या मुख्याध्यापकांच्या काळातल्या खर्चावर मी सही करू का, यावर बरीच चर्चा झाली होती.

निवृत्त_लेखा

बाई, सही करतेवेळी पदावर असलेला माणूस सही करतो, अभिलेख पाहून. त्यांच्याकडे निवड ऑक्टोबरात आणि पैसे फेब्रुवारीत, म्हणून हा प्रश्न येतच नाही.

मुदतीबद्दल: नियम २३८ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने असतात. २०२४-२५ साठी म्हणजे मार्च २०२६ पर्यंत. पण मंजुरीपत्रात कमी मुदत दिली असेल तर ती पाळायची, आणि दुसरा हप्ता हवा असेल तर थांबणं तुमच्याच नुकसानीचं.

कर्लीकाठ (अकरा दिवसांनी)

मंडळी, झालेलं सांगतो. सीएंना दोन्ही मतं वाचून दाखवली. त्यांनी वळती नोंद आणि टीपच ठेवली, बँकेत रक्कम फिरवली नाही. तरी ठराव करून घेतला, त्यात पायपेटी का घेतली, कधी घेतली, आणि ती संस्थेच्या पैशांतून धरली हे लिहिलं. पेटी मालमत्ता नोंदवहीत संस्थेच्या नावे चढवली. पोशाखही चढवले, पण वेगळ्या पानावर, अनुदानातून मिळालेले म्हणून.

व्याजासाठी कक्षाला मेल केला, तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. १,२५० भरले, पावती निघाली. अध्यक्षांकडे दोन्ही प्रमाणपत्रं टपालानं गेली आणि परवा सही होऊन आली. त्यांनी फोन करून अर्धा तास प्रत्येक आकडा विचारला, आणि त्यात एक चूकही सापडवली: मी मंजुरीपत्राची तारीख १३ च्या जागी १२ टाकली होती. ते पान पुन्हा छापून पाठवलं.

आता एक राहिलं. शिबिराचा एकूण खर्च ३ लाखांत संपला. दुसऱ्या हप्त्याचे १ लाख ज्यासाठी मंजूर आहेत तो सादरीकरणाचा कार्यक्रम कार्तिकातल्या जत्रेला करायचं ठरलंय. ते पैसे आधी आले तर २०२५-२६ मध्येच जमा आणि खर्च दोन्ही. पण दुसरा हप्ता उशिरा आला आणि कार्यक्रम आम्ही संस्थेच्या पैशांतून आधीच केला, तर तो खर्च नंतर आलेल्या अनुदानावर दाखवता येतो का?

निवृत्त_लेखा

मंजुरीपत्रात दुसरा हप्ता 'प्रतिपूर्ती' म्हणून आहे की 'अनुदानाचा हप्ता' म्हणून? तो शब्द बघून इथे लिहा, मग बोलू.